लक्षात कोण ठेवणार?

घरातली कामं आम्ही वाटून घेतली आहेत, असं सांगणारी जोडपी आता शहरांत पुष्कळ भेटतात. तो भाजी आणतो, गाडीचं बघतो, रविवारी मुलांना नाटकाला नेतो, सांगितलं की बिलही भरतो. तरीही बायको सतत चिडलेली का असते हे त्याला कळत नाही, आणि तिलाही ते नीट सांगता येत नाही. कारण तिची तक्रार कामाबद्दल नसते, काम लक्षात ठेवण्याबद्दल असते. या विषयावर बोलायला बसलं की दोन मिनिटांत ‘मी काय काय करतो’ आणि ‘मी काय काय करते’ यांच्या याद्या सुरू होतात. म्हणून तो लिहून मांडलेला बरा.

पुढचं पत्र कुठल्या एका घरातलं नाही. पुण्याच्या उपनगरात राहणारं, दोघंही नोकरी करणारं, थोरला सहावीत आणि धाकटी पहिलीत असं एक घर डोळ्यांसमोर ठेवून ते नमुन्यादाखल लिहिलं आहे. त्यात काय आहे, काय मुद्दाम नाही आणि ते दिल्यानंतर काय होतं, याचा विचार पत्रानंतर करू.

*

समोर बसून बोलायला गेले की तू ‘आता मी काय केलं?’ म्हणतोस आणि मी ‘काही नाही’ म्हणून उठते. म्हणून लिहिते आहे.

तू काहीच करत नाहीस असं मला म्हणायचं नाही. गाडीचं सर्व्हिसिंग, तिचा विमा, घराच्या कर्जाचा हप्ता, दोघांचं इन्कम टॅक्स रिटर्न यांची मला कधी आठवणही ठेवावी लागलेली नाही. ते तुझ्या डोक्यात असतं आणि वेळेवर होतं. मला तसंच आणखी थोडं हवं आहे.

परवा लाइट बिलाची तारीख उलटून गेली. तू म्हणालास, ‘सांगायचं ना, दोन मिनिटांत भरलं असतं.’ भरलंच असतंस. पण मला त्या दोन मिनिटांचा त्रास नाहीच आहे. बिल आलं का, मागच्यापेक्षा जास्त का आलं, शेवटची तारीख कोणती, तोवर खात्यात पैसे राहतील का, हे सगळं मी मनात बाळगते आणि मग तुला ‘भर’ म्हणते. सगळ्यात सोपा भाग तुझ्याकडे येतो. तो आला की तू भरलंस की नाही हे मला लक्षात ठेवावं लागतं. तू विसरलास तरी चूक माझीच ठरते, कारण मी पुन्हा विचारलं नाही.

शाळेचं तर विचारूच नकोस. सोमवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना धाकटीच्या वर्गाच्या ग्रुपवर पन्नासेक मेसेज आले. त्यातला एकच कामाचा होता: बुधवारी पिवळा टी-शर्ट. तो कपाटात आहे, पण मागच्या वर्षीचा. अंगाला बसतो का ते घरी गेल्यावर बघायचं, नसेल बसत तर त्याच संध्याकाळी दुकान गाठायचं. हा विचार चालू असतानाच थोरल्याच्या शाळेतून फोन आला, विज्ञानाची प्रकल्पवही आली नाही म्हणून. तुझाही फोन त्या वेळी चालूच होता. पण तो माझ्याकडे आला, कारण शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर माझा आहे. प्रवेशाच्या दिवशी रांगेत मी उभी होते, म्हणून माझा लिहिला. एवढंच.

मला तुझी मदत नको आहे. मदत मागितली की काम माझंच राहतं. मला दोन विषय पूर्णपणे तुझे करून हवे आहेत.

पहिला, घराची बिलं: वीज, पाइप गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, वायफाय आणि घरपट्टी. बिल आलं हे कळण्यापासून पावती जागेवर ठेवण्यापर्यंत सगळं. बिल चुकीचं आलं तर तक्रारही तूच करायची.

दुसरा, थोरल्याची शाळा. धाकटीची माझ्याकडे राहू दे. त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर तू, शाळेकडे तुझा नंबर पहिला, पालकसभेला तू. चार्ट पेपर संपलेत हे रात्री दहाला कळलं तर तो प्रश्न तुझा.

आता मी काय करीन तेही लिहिते. मी आठवण करणार नाही. ‘झालं का?’ असं विचारणार नाही. तुझी पद्धत वेगळी असली तरी नाक मुरडणार नाही, वहीचं कव्हर वाकडं बसलं तरीसुद्धा. सुरुवातीला काही राहून जाईल, दंड पडेल, एखाद्या दिवशी तो पीटीच्या तासाला साध्या युनिफॉर्ममध्ये जाईल. ते आपण सोसू. दोनच वेळा मी मध्ये पडेन: वीज तुटायची वेळ आली तर आणि त्याची परीक्षा बुडायची वेळ आली तर.

रविवारी दुपारी मुलं खाली खेळायला गेली की बसू. पासवर्ड, ग्राहक क्रमांक, शाळेचे नंबर सगळं तुला देते. तीन महिन्यांनी पुन्हा बसू आणि जमतंय का ते बघू.

उत्तर तोंडी दिलंस तरी चालेल. पण ‘तू फक्त सांगत जा, मी करतो’ हे उत्तर नको. सांगत राहणं हेच तर काम आहे, आणि त्यानेच मी थकले आहे.

*

काम एक, पायऱ्या चार

या थकव्याला समाजशास्त्रात नाव मिळून चाळीस वर्षं झाली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोनिक एको यांनी 1984 साली नोकरी करणाऱ्या बायकांबद्दल लिहिताना ‘मानसिक भार’ ही कल्पना मांडली. कारखान्यात किंवा कचेरीत असताना बाईच्या डोक्यात घर चालू असतं आणि घरी असताना उद्याची कचेरी. दोन्ही जगं एकावर एक रचलेली असतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. 2017 साली एमा या फ्रेंच चित्रकर्तीने याच विषयावर छोटी चित्रकथा काढली आणि ती जगभर पसरली. त्यात बायको स्वयंपाक आणि मुलं एकटी सांभाळत असते, भांडं उतू जातं, आणि नवरा म्हणतो, मला सांगायचंस ना! आपल्या पत्रातल्या नवऱ्याचंही वाक्य तेच आहे. पॅरिस आणि पुणे यांच्यात इतर फरक पुष्कळ असतील, या बाबतीत नाही.

हा भार नेमका कुठे असतो, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी 2019 साली अधिक बारकाईने दाखवलं. त्यांनी 35 जोडप्यांतल्या 70 जणांच्या स्वतंत्र मुलाखती घेतल्या आणि घरातल्या विचार करण्याच्या कामाचे चार टप्पे पाडले. आधी गरजेची चाहूल लागणं, मग पर्याय शोधणं, मग निर्णय घेणं आणि शेवटी ते नीट पार पडतंय ना यावर लक्ष ठेवणं. त्यांना आढळलं की निर्णयाच्या टप्प्यावर नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबरीने असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुतेक घरांत बायकोकडे असतो.

म्हणजे जो टप्पा दिसतो आणि ज्यात अधिकार असतो, तो दोघांचा. जे टप्पे दिसत नाहीत, ज्यांना ठरावीक वेळ नसते आणि जे कधी संपत नाहीत, ते तिचे. ‘आमच्याकडे सगळं विचारून होतं’ हे नवऱ्याचं म्हणणं त्यामुळे खरंही असतं. विचारणारी मात्र तीच असते.

भारतात घरकाम मोजण्याचं सरकारी साधन म्हणजे वेळ वापर सर्वेक्षण. 2024 च्या सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, तर जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88. ही दरी मोठी आहेच, पण ही मिनिटं हाताने केलेल्या कामाची. बसमध्ये उभं राहून ‘उद्या फीची शेवटची तारीख’ असा मनात चाललेला घोकणं-आठवणं कुठल्या रकान्यात लिहायचं? ते त्या आकड्यांत मावत नाही. म्हणूनच दोघांची मिनिटं सारखी असलेल्या घरातही एक जण जास्त दमलेलं असू शकतं.

बिल भरणं सोपं, सांभाळणं अवघड

पत्रातली पहिली मागणी बिलांची आहे. त्यावर बहुतेक नवऱ्यांचं पहिलं उत्तर असतं: ऑटोपे लावून टाकतो, प्रश्न मिटला. ते लावावंच, पण त्याने नेमकं काय मिटतं ते पाहू.

यूपीआयवर ऑटोपे लावताना आपण एक कमाल रक्कम ठरवतो. समजा, या घराचं बिल महिन्याला 1,400 रुपयांच्या आसपास येतं म्हणून मर्यादा 2,000 ठेवली. मे महिन्यात कूलर किंवा एसी चालला, बिल 2,600 झालं, की पैसे कापलेच जात नाहीत. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते आणि कापले गेले नाहीत तरी कळवलं जातं, पण ते मेसेज कोणीतरी वाचावे लागतात. एसी नसताना बिल दुप्पट आलं तर प्रश्न आणखी वेगळा. रीडिंग घ्यायला माणूस आला तेव्हा मीटरपर्यंत पोचता आलं नाही किंवा मीटर बिघडलं असेल, तर महावितरण सरासरीवर बिल लावतं. ते बिलावर छापलेलं असतं. मागचं आणि चालू रीडिंग बघून प्रत्यक्ष मीटरशी ताडलं तर पाच मिनिटांत कळतं. ऑटोपे हे बघत नाही, जास्तीची रक्कम मर्यादेत असेल तर निमूट भरून टाकतं.

वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं बिलही येतं. आपल्या वर्षभराच्या सरासरी वापरावरून ठेव नव्याने मोजली जाते आणि ती कमी पडत असेल तर फरकाचं बिल महावितरण वेगळं पाठवतं. ते नेहमीच्या बिलासारखं नसल्याने अनेकांना खोटं वाटतं. उलट, ‘बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे खरोखरच खोटे मेसेज महाराष्ट्रात कितीतरी जणांना आले आणि काहींची खाती रिकामी झाली. ज्याला बिल कधी भरलं हे पक्कं माहीत असतं, तो अशा मेसेजला हसतो. ‘बायकोने भरलं असेल की नाही’ अशा संभ्रमात असलेला माणूस घाबरून फोन करतो.

चार टप्प्यांच्या भाषेत सांगायचं तर ऑटोपे तिसऱ्या टप्प्यानंतरची फक्त कृती उचलतं. चाहूल आणि पाठपुरावा माणसाकडेच राहतात. त्यामुळे बिलांचा विषय घेतलेल्या माणसाने पहिल्याच रविवारी आधी आपला मोबाइल नंबर त्या त्या ग्राहक क्रमांकाला जोडून घ्यायचा. महावितरणचं ॲप किंवा संकेतस्थळ, गॅस कंपनी, सोसायटीचं कार्यालय, महापालिकेचा मिळकत कर विभाग, सगळीकडे. बायकोच्या फोनवर बिलाचा मेसेज येत राहिला तर विषय तिच्याकडेच राहतो, कारण ती तो वाचते आणि मग ‘बिल आलंय हं’ म्हणते. पुन्हा पहिली पायरी तिची.

दुसरं, महिन्यातला एक दिवस बिलांसाठी ठरवायचा आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या गोष्टी वेगळ्या कागदावर लिहायच्या. मासिक बिलं सवयीने होतात, वार्षिक विसरतात. पुण्यात घरपट्टी वर्षाच्या सुरुवातीलाच, सवलतीच्या मुदतीत भरली तर सर्वसाधारण करात सूट मिळते. मुदत महापालिका जाहीर करते. राहून गेली तर पुढे थकबाकीवर दरमहा 2 टक्के दंड चढत जातो. मेच्या उन्हात आणि सुट्टीच्या गडबडीत ही तारीख निसटते, म्हणून ती कागदावर हवी.

शाळेचा एक मेसेज

शाळेचं काम बिलांहून अवघड असतं, कारण ते ठरावीक तारखेला येत नाही आणि एका मेसेजमध्ये सात-आठ कामं दडलेली असतात. एक साधं उदाहरण तपासू.

मंगळवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येतो: सहावीची सहल पुढच्या शुक्रवारी, पैसे आणि संमतीपत्र परवापर्यंत, सकाळी साडेसहाला शाळेत हजर राहावे. नवरा लगेच शाळेच्या ॲपवर पैसे भरतो आणि ‘सहलीचं झालं’ म्हणून सांगतो. त्याच्या दृष्टीने काम संपलेलं असतं.

बायकोच्या डोक्यात तेव्हा ते सुरू झालेलं असतं. संमतीपत्र छापून सही करून दप्तरात जायला हवं. त्याला बस लागते, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळी आणायला हवी आणि ती कधी घ्यायची ते त्याला समजावून सांगायला हवं. साडेसहाला व्हॅन येत नाही, मग सोडणार कोण? परत यायला आठ वाजणार, आणायला कोण जाणार, त्या दिवशी व्हॅनच्या काकांना नको म्हणून कोणी कळवायचं? डब्यात ओलं काही चालणार नाही. टोपी सापडत नाही. शनिवारी युनिट टेस्ट आहे, तिचा अभ्यास गुरुवारीच उरकायला हवा. शुक्रवारी तिला स्वतःलाही नऊला ऑफिस गाठायचं आहे.

दोघांत खोटं कोणीच बोलत नाही. त्याने एक काम केलं आणि तिने विषय सांभाळला. पत्रात ‘थोरल्याची शाळा पूर्ण तुझी’ असं म्हटलं आहे ते यासाठीच. सहलीतले पैसे एकाने भरायचे आणि गोळी दुसऱ्याने आणायची अशी वाटणी केली, तर दोन्ही झालं का हे बघणारी तिसरी जबाबदारी तयार होते, आणि ती कोणाकडे जाते हे सांगायला नको. म्हणून वाटणी कामांची करू नये, मुलांची, इयत्तांची किंवा विषयांची करावी. एका मुलाची शाळा एकाकडे. एकच मूल असेल तर शाळा एकाकडे आणि डॉक्टर, लसी, क्लास दुसऱ्याकडे.

पुन्हा प्रश्न नंबराचा येतो. शाळेच्या नोंदीत आईचा नंबर पहिला असेल तर ताप आला, डबा विसरला, व्हॅन चुकली, प्रत्येक फोन तिलाच जातो. शाळेच्या कार्यालयात अर्ज देऊन हा क्रम बदलता येतो. वर्गशिक्षिकांनाही प्रत्यक्ष भेटून सांगावं, ‘याच्यासाठी आता मला फोन करा.’ तरी पहिले काही दिवस फोन आईलाच येईल, सवयीने. तेव्हा तिने सगळं ऐकून घेऊन निरोप पोचवायचा नाही. ‘त्याच्या बाबांना फोन करता का, नंबर देते’ एवढंच म्हणायचं. हे वाक्य तिला जड जातं, कारण त्यात आई म्हणून आपण कमी पडतोय असं वाटतं. सासूबाई घरात असतील तर ‘त्याला कशाला ऑफिसात त्रास देतेस?’ हेही ऐकावं लागतं. ऑफिस तिलाही आहे, हे शांतपणे एकदा सांगून पुढे जावं.

शाळेच्या वर्गांचे ग्रुप अनेकदा नावासकट ‘मदर्स’चेच असतात. एकटा बाप त्यात अवघडतो. शिक्षिकांना विनंती करून शाळेच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप करून घ्यावा, ज्यात फक्त शाळाच लिहू शकते. तो बापाला सोपा जातोच, आणि आयांचाही पन्नास मेसेज चाळण्याचा त्रास वाचतो.

चुका कुठे परवडतात

पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य ‘ते आपण सोसू’ हे आहे. विषय हातात घेणारा माणूस सुरुवातीला चुकणारच. त्या वेळी तो आधीच्याने सावरून घेतला तर तो कधी शिकत नाही, कारण त्याला पक्कं माहीत होतं की आपण पडलो तरी खाली जाळी आहे.

म्हणून पहिल्यांदा बिलं द्यावीत. तिथली चूक स्वस्त असते आणि दुरुस्त होते. 1,400 रुपयांचं लाइट बिल उशिरा भरलं तर सव्वा टक्का विलंब आकार, म्हणजे सतराअठरा रुपये. वीज लगेच जात नाही. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एवढ्या अवधीत माणूस जागा होतो. सतरा रुपयांत हा धडा महाग नाही.

शाळेतल्या चुकीची किंमत मात्र मूल मोजतं. सगळा वर्ग रंगीत कपड्यांत आणि एकटी पहिलीतली पोरगी युनिफॉर्ममध्ये, हे तिच्या दृष्टीने मोठं दुःख असतं. म्हणून पत्रातल्या बाईने थोरल्याची शाळा दिली. सहावीतला मुलगा ‘बाबा, उद्या प्रकल्पवही आहे’ हे स्वतः सांगू शकतो, आणि एखादी चूक हसून नेऊ शकतो. वेळही बघावी. जूनमध्ये शाळा उघडताना किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर विषय द्यावा. गॅदरिंगच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात दिला तर दोघांनाही तो नकोसा होतो आणि आठ दिवसांत परत येतो.

तिच्या बाजूनेही एक अट आहे. विषय दिला की त्यातली पद्धतही द्यावी लागते. तो वह्यांना कव्हरं घालण्याऐवजी तयार कव्हरं आणेल, डब्यात तीन दिवस तेच देईल, पालकसभेत टिपणं घेणार नाही. काम वेळेवर होतंय आणि मुलाचं नुकसान होत नाही, एवढं आधी दोघांनी ठरवावं आणि त्याच्या पुढचं सोडून द्यावं. ‘राहू दे, मीच करते’ हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येतं, तिथे भार परत येण्याचा रस्ता तेच असतं.

जमतंय की नाही हे कळायला मोठी परीक्षा लागत नाही. तीन महिन्यांनी फक्त एक आठवडा आपल्या घरातले प्रश्न ऐकावेत. ‘फी भरायची का?’, ‘पालकसभा कधी आहे?’, ‘बिल आलं का?’ हे नवरा बायकोला विचारत असेल, तर हातकाम त्याच्याकडे गेलं आहे आणि डोकं अजून तिचंच वापरलं जातंय. तेच प्रश्न तिने त्याला विचारले आणि त्याला उत्तरं ठाऊक असली, तर विषय खरोखर हलला.

देताना काय देऊ नये

अशा पत्राची एक धोक्याची बाजूही सांगितली पाहिजे. बिलं, हप्ते, कर सगळं नवऱ्याकडे गेलं की काही वर्षांत बायकोला घरचे पैसे कुठे आहेत हेच माहीत नसतं. नवरा आजारी पडला, बाहेरगावी गेला किंवा गेलाच, तर कुठल्या खात्यातून काय कापलं जातं, विमा कुठे आहे, वारस म्हणून कोणाचं नाव आहे, हे शोधत बसण्याची वेळ बायकांवर येते. म्हणून लक्ष ठेवण्याची जबाबदारी एकाकडे द्यावी, माहिती मात्र दोघांकडे असावी. सगळे ग्राहक क्रमांक, तारखा, खाती आणि विम्याची माहिती एका वहीत लिहून ती दोघांना माहीत असलेल्या जागी ठेवावी, आणि वर्षातून एकदा दोघांनी मिळून ती वाचावी.

हे पत्र प्रत्येक घरासाठी नाही, हेही खरं. नवरा फिरतीच्या नोकरीवर असेल, कारखान्यात फोन आत नेऊ देत नसतील, तर शाळेचा पहिला नंबर त्याचा ठेवून उपयोग नाही. त्याने बिलं आणि रात्री करता येणारी कामं घ्यावीत. बायको नोकरी करत नसेल तर वाटणी अर्धी-अर्धी होणार नाही, पण ‘ती घरीच असते’ म्हणून घरातली प्रत्येक तारीख तिनेच घोकावी असंही नाही. आणि जिथे बायकोच्या हातात पैसाच दिला जात नाही, हिशेब विचारला की आवाज चढतो, तिथला प्रश्न मानसिक भाराचा नसतो. तिथे पत्र पुरणार नाही, माहेरच्या, ओळखीच्या किंवा कायद्याच्या आधाराचीच गरज असते.

बाकीच्या घरांत सुरुवात लहान ठेवावी. एक बिल आणि एका मुलाची शाळा, एवढंच. बायकोने मदत मागू नये, विषयाचं नाव घेऊन तो मागावा. नवऱ्याने ‘सांग, मी करतो’ म्हणण्याआधी येत्या सोमवारी शाळेच्या कार्यालयात जाऊन पहिला नंबर आपला लिहून यावा. तिथला फोन आपल्याला यायला लागला की पुढचं काय करायचं ते आपोआप लक्षात येतं.